ताशी पंचवीस

३ फेब्रुवारी, मंगळवार
शनिवारी बक्षीस समारंभात विजेत्याच्या गौरवासाठी मी वाचायच्या भाषणाचं तिसरं पान फाडलं. त्यात माझं नाव आलेलं. आता सगळीकडे नुसतं 'विजेते'. नम्रता बरी दिसते.

सायकल क्लबचं बक्षीस सरासरी वेगात सर्वाधिक वाढ करणाऱ्याला. वाढ टक्क्यांत. नियम सेक्रेटरी या नात्याने माझाच. ऑक्टोबरात माझा वेग ताशी वीस, परवा पंचवीस. वाढ पाच, भागिले जुने वीस. पंचवीस टक्के. डोंबिवलीच्या उत्तराताई पंधरावरून अठरा पूर्णांक तीनवर. बावीस टक्के. दुसऱ्या.

विजेता वर्षभर क्लबच्या रविवारच्या फेरीत सर्वांच्या पुढे. मी आजवर शेवटी. कोणी वळूनही पाहत नाही.

५ फेब्रुवारी
सायकलचं मीटर त्या दिवशीची सरासरी चोवीस दाखवतंय. गंडलंय. माझा हिशोब साधा: माजिवड्याहून घोडबंदर रोडने वीस किलोमीटर गेलो ताशी तीसने. परत येताना वारा तोंडावर, ताशी वीस. तीस आणि वीस, मधलं पंचवीस. सरोज म्हणाली, अहो, मीटर कंपनीवाल्यांना काय कळतं! टोमणा नसावा.

७ फेब्रुवारी, शनिवार
हॉल भरलेला. फळ्यावर टक्के समजावले. तीनची वाढ ताशी तीसवाल्याला दहा टक्के, पंधरावाल्याला वीस. म्हणून जुन्या वेगाने भागायचं. टाळ्या. मग उदाहरण म्हणून माझीच चाचणी मांडली.

पहिल्या रांगेतून उत्तराताईंनी विचारलं, जायला वेळ किती लागला? चाळीस मिनिटं, मी अभिमानाने सांगितलं. आणि यायला? एक तास.

म्हणजे चाळीस किलोमीटर शंभर मिनिटांत, त्या म्हणाल्या. ताशी चोवीस. हळू वेगात तुम्ही जास्त वेळ होतात ना, भाऊ, मग तो जास्त धरायला नको?

अध्यक्ष सुधीर कर्णिकांनी खडू घेतला. वाढ चार, भागिले वीस. वीस टक्के. बावीसपेक्षा कमी. वर म्हणाले, सेक्रेटरी, भाषण तयार आहे ना? वाचा की.

वाचलं. दुसरं नव्हतंच. 'विजेत्यांनी तीन महिने वडापावला हात लावला नाही.' उत्तराताई ओरडल्या, अरे, आजच खाल्ला! 'त्यांच्या पिळदार पोटऱ्या आणि रुबाबदार मिशा तरुणांना प्रेरणा देवोत.' हॉलमध्ये कोणीतरी खुर्चीवरून पडलं. उत्तराताईंचे यजमान सर्वांत जास्त हसत होते.

परत नियम बदलायला हवा. टक्के लोकांना समजत नाहीत.

८ फेब्रुवारी, रविवार
सकाळी माजिवड्याहून निघालो. उत्तराताई पुढे. परतताना वारा तोंडावर आला, तेव्हा त्यांनी मला त्यांच्या मागच्या चाकाला चिकटून यायला सांगितलं. वारा लागेनासा झाला. घरापर्यंत तसाच आलो.