काठीवालीचा आवाज

मंगळवार, ४ जून

आली एकदाची! दृष्टी गेलेल्यांसाठीच्या केंद्रातून पाठवलेली बाई. मंगळवारी आणि शुक्रवारी येऊन नवऱ्याला पांढरी काठी घेऊन चालायला शिकवणार. मी मनात तिचं नाव ‘काठीवाली’ ठेवून टाकलं.

दार मी उघडलं. वीस वर्षं पार्लर चालवतेय, माणूस आधी चेहऱ्यानेच दिसतं मला. गालांवर जुन्या मुरमांचे खड्डे. हनुवटीवर चार राठ केस. भुवया कधी कोरलेल्याच नाहीत. पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. वय माझ्याएवढंच, म्हणजे चव्वेचाळीस-पंचेचाळीस. सुटकेचा नि:श्वास टाकला, खोटं कशाला लिहू!

मग ती बोलली. “सर, मी आलेय. तुमच्या उजव्या हाताला, खुर्चीजवळ.”

बस, एवढंच. आणि माझा नवरा, सहा महिने भिंतीकडे तोंड करून बसणारा माझा नवरा, ताठ झाला. जणू खोलीतला दिवा लागला.

शुक्रवार, ७ जून

आज हसला. मोठ्याने! मी स्वयंपाकघरात होते. कशावर हसला विचारलं तर म्हणाला, “काही नाही गं, असंच.”

असंच!

रविवार, ९ जून

डोकं थंड ठेवून लिहायचं ठरवलंय.

डिसेंबरात डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग निकामी झालाय. कडेकडेचं दिसतं, मधोमध धुकट डाग. आंधळा नाही, पण डोळसही नाही. पायरी चुकते, पाटी वाचता येत नाही. पोहणं शिकवायचा, तर हातातल्या घड्याळाचे आकडे दिसेनात म्हणून आपणहूनच काम सोडलं. तलावावर काही विपरीत घडायच्या आत थांबतो, म्हणाला.

तेव्हापासून मी किती केलं! औषधं, डबा, आंघोळीचं पाणी. वर पार्लर. आणि हसतो कोणाजवळ? तर आठवड्यातून दोन तास येणाऱ्या बाईजवळ.

आणखी एक. मी समोर बसून बोलते तेव्हा तो माझ्याकडे बघतच नाही. नजर माझ्या कानाच्या पलीकडे. शुक्रवारी माझ्या कानाच्या पलीकडे कोण बसलं होतं? तीच!

मंगळवार, ११ जून

नणंद आली होती. काठीवालीचा तास चालू होता. ही तिथेच ठाण मांडून बसली. जाताना दारात मला म्हणते, “वहिनी, दिसायला काही नाही गं ती. पण जवळ बसावंसं वाटतं. दादा किती खुललाय!”

काठीवालीच्या चहात साखर घालायची विसरले. मुद्दाम नाही. बहुधा.

शुक्रवार, १४ जून

आज दाराआडून नीट पाहिलं. चोरून, हो. आपल्याच घरात.

ती बोलायच्या आधी श्वास घेते. पोटातून, खांदे न उचलता. वाक्य संपताना आवाज खाली उतरतो आणि मग ती थांबते. समोरचा बोलेपर्यंत थांबते! मी तर तोवर तीन वाक्यं बोलून मोकळी होते. हसली की ते आवाजातच कळतं, तोंड बघायची गरज नाही.

उभी राहते ती दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. छाती काढून नाही. खांदे नुसते सैल सोडलेले, मान लांब. त्याच्याशी बोलताना नुसती मान वळवत नाही, पावलांपासून अख्खी वळते. हात मोकळे, दिसतील असे. खांद्यावरून वाकून बोलत नाही, खुर्ची ओढून त्याच्या उंचीला येते.

पाच मिनिटांनी माझ्या लक्षात आलं, तिचे खड्डे मला दिसेनासे झाले होते. मला! जी दहा फुटांवरून ब्लॅकहेड ओळखते!

फार राग आला.

शनिवार, १५ जून

मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड केला. नेहमीसारखीच बोलले— “औषध घेतलंस का? अरे, ऐकतोयस ना? ताट झाकून ठेवलंय.”

ऐकलं. ही कोण बाई? पातळ, चिरका, नाकात अडकलेला. प्रत्येक वाक्य शेवटी वर जातं, जणू कोणाला तरी रागावतेय. आपला आवाज आपल्याला आतून, हाडांतून ऐकू येतो म्हणून भारदस्त वाटतो म्हणे. बाहेरच्यांना हा असा ऐकू येतो.

आणि आरशात बाजूने पाहिलं. वीस वर्षं लोकांच्या भुवयांवर वाकून मान पुढे आलीय, कासवासारखी. चेहरा तेवढा अजून शाबूत. त्याचं आता करायचं काय?

मंगळवार, १८ जून

आवाज खाली आणून बोलले. दिवसभर. नवरा म्हणाला, “घसा बसलाय का? मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर.”

गुरुवार, २० जून

आज नवं अत्तर. महागाचं, मनगटावर, मानेवर, केसांवर. आपल्याला आपला वास येईनासा होतो चटकन, म्हणून आणखी थोडं मारलं. त्याच्या शेजारी जाऊन बसले.

सात शिंका! मोजल्या. मग खिडकी उघडायला उठला आणि तिपाईला धडकला. “काय सांडलंय घरात?”

काठीवाली कसलंच अत्तर लावत नाही. साधा साबण आणि उन्हात वाळलेल्या कपड्यांचा वास. परवा ती गेल्यावर मी त्या खुर्चीचा वास घेतला. इतकी खाली गेलेय मी.

शुक्रवार, २१ जून

हे लिहायची लाज वाटते.

आज पहिल्यांदा ती त्याला रस्त्यावर घेऊन गेली. मी पार्लर बंद करून मागोमाग गेले. पन्नास पावलं अंतर ठेवून. त्याने तिचा कोपर धरला होता. ती अर्धं पाऊल पुढे, तो मागे. औषधाच्या दुकानापर्यंत पावलं वेगवेगळी पडत होती. चौकापर्यंत एक झाली. डावा-डावा, उजवा-उजवा. तिने काही सांगितलं नव्हतं, आपोआप. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही असे चालायचो. आता मी त्याचं मनगट धरून ओढत नेते, शाळेला उशीर झालेल्या पोरासारखं.

सिग्नलपाशी मी थोडी जवळ गेले. तो थांबला. मागे वळला नाही. नुसती मान तिरकी केली आणि म्हणाला, “पार्लर बंद ठेवलंस होय आज?”

पळाले. अक्षरशः पळाले. चप्पल तुटली.

शनिवार, २२ जून

घरात त्याबद्दल कोणी बोललं नाही. कालची चप्पल शिवून आणली.

मंगळवार, २५ जून

काठीवाली तासाआधी पार्लरमध्ये आली! “ताई, भुवया करून द्याल?”

खुर्चीत मान मागे टाकून डोळे मिटून पडली. अशी निजलेली, गप्प, अगदी सामान्य दिसत होती. खड्डे परत आले. मला बरं वाटलं, मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

दोरा दातांत धरला. ती म्हणाली, “तुमच्या तोंडात दोरा आहे तोवर मी बोलून घेते. शुक्रवारी तुम्ही मागे होता. सरांनी तर न वळताच ओळखलं.”

दोरा दातांतून निसटला. तिने डोळे उघडले नाहीत.

“चेहरा नाही दिसत त्यांना. पण चालणं, उभं राहणं डोळ्याच्या कडेने दिसतं. तुमची चाल ते शंभर माणसांत ओळखतात.”

“माझ्याकडे तर बघतही नाहीत,” मी म्हणाले. आवाज चिरकलाच. “कानाच्या पलीकडे बघतात. तुमच्याकडे.”

ती उठूनच बसली. “ताई! डागाशेजारच्या चांगल्या भागाने बघतात ते. तुमच्या कानाकडे बघितलं की तुम्ही कडेला येता, म्हणजे दिसता. कानाकडे बघत असतात तेव्हाच ते तुम्हाला बघत असतात. सरळ तोंडाकडे पाहिलं तर तुम्ही डागात जाता.”

मी तिला पुन्हा निजवलं. एक भुवई व्हायची होती.

शेवटी विचारलं, “हा आवाज जन्मजात तुमचा?”

हसली. “छे! अकरा वर्षं फोनवर तक्रारी ऐकायचं काम केलं. तिथे मला कोणी बघत नव्हतं, फार बरं वाटायचं. समोरचा ओरडत असताना आपण घाईघाईने बोललो तर तो आणखी ओरडतो. म्हणून श्वास सोडत बोलायला शिकले. उभं राहायला केंद्रात शिकले. अत्तर तिथे चालत नाही, वासावरून माणसं जागा ओळखतात, सगळं झाकून जातं.”

“तो तुमच्याजवळ हसतो.”

“माझ्यासमोर धडपडले तर त्यांना लाज वाटत नाही ना. तुमच्यासमोर वाटते.” मग थोडं थांबून, खालच्या आवाजात, “तुम्ही त्यांच्याशी नेहमी दुसऱ्या खोलीतून बोलता, ताई. पाठमोऱ्या. आवाज येतो, पण त्यांच्याकडे येत नाही.”

दुसरी भुवई किंचित बारीक झाली. मुद्दाम नाही, शप्पथ.

शनिवार, २९ जून

शहाणी झाले असं वाटेल, पण नाही. काल ती गेल्यावर तो गुणगुणत होता, मी मुद्दाम मिक्सर लावला. कारण कळलं म्हणून मत्सर जात नाही. नुसता तोंडघशी पडतो.

पण आज भाजी गॅसवर सोडून त्याच्यासमोर जाऊन बसले. बोलायच्या आधी श्वास सोडला. पाय, गुडघे, सगळं त्याच्याकडे. मग काय बोलायचं तेच विसरले!

“काय झालं?” त्याने विचारलं. नजर माझ्या कानाकडे.

“काही नाही. असंच.”

भाजी करपली. दोघांनी खाल्ली.

मंगळवार, २ जुलै

मी न सांगता त्याने माझा कोपर धरला. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. पावलं जुळली नाहीत, दोनदा त्याच्या पायावर पाय दिला. “ती बरी चालवते,” म्हणाला. चिमटा काढला मी. ओरडला, मग खूप हसला.

शुक्रवार, ५ जुलै

त्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी जुने कागद लागणार होते. त्याच्या कपाटात फाइल सापडली. डिसेंबरचा कागद सगळ्यांत वर. खाली आणखी. आणखी. सगळ्यांत तळाचा चार वर्षांपूर्वीचा, आणि त्यावर लिहिलेलं— ‘दोन्ही डोळे. समोरच्याचा चेहरा ओळखता येत नाही अशी तक्रार.’

त्याच्यासमोर बसून मोठ्याने वाचला.

“चार वर्षं?”

“सांगणार होतो गं. राहून गेलं.”

“आणि गेल्या वर्षी माझ्या बहिणीच्या लेकीच्या लग्नात? हॉलभर लोकांसमोर म्हणालास, इथे सगळ्यांत देखणी माझी बायको!”

“होतीसच. जिन्यावरून खाली येत होतीस, कोणाशी तरी हसत. बघूनच म्हणालो.”

आणि त्या दिवशी मी दोन तास चेहरा रंगवत बसले होते!