सीतेच्या पदरातल्या रेघा

कोल्हापूर,
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय राजवर्धनदादा,

नमस्कार. हातकणंगल्याच्या खोलीवर तू अजून असशील असं धरून लिहिते. फोन तू उचलत नाहीस, आणि हे फोनवर बोलण्यासारखंही नाही. आई बरी आहे. आबांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे फ्रेमचं दुकान सध्या मीच उघडते.

कामाचं सांगते. मोनाताई इथल्या एका ट्रस्टसाठी लोकचित्रांचं दालन मांडताहेत. त्या मला फोटो पाठवतात, मी परंपरा ओळखून कारणांसह लिहून देते, खाली सही करते. यासाठी मी कुठल्या कॉलेजात गेले नाही. चित्र दुकानात आलं की ते कुठलं, कशावरून, हे आपण दोघांनी सांगितल्याशिवाय आबा काच कापायचे नाहीत, तेवढीच शिदोरी.

गेल्या आठवड्यात एक फोटो आला. अशोकवनातली सीता, समोर मारुती. विकणाऱ्याने सांगितलेलं, 'कोकणातल्या पिंगुळीची चित्रकथी, शंभर वर्षांची.' आधी मलाही पटलं. एका बाजूने काढलेले चेहरे, टोकदार नाक, मोठा डोळा, गेरूचा तांबडा.

मग फोटो मोठा केला. पिंगुळीच्या चित्रात माणसांमागचा कागद मोकळा ठेवतात. कथा सांगणारा पान हातात धरून दाखवतो, आकृती लांबून कळली पाहिजे. इथे झाडाखालची सगळी जागा मासे आणि कमळांनी भरलेली. सीतेच्या पदराला दोन समांतर रेघा, आणि त्यांच्यामध्ये दाट, बारीक तिरप्या रेघा. ही रीत मिथिलेची, मधुबनीची. निळा रंगही डब्यातून काढल्यासारखा सपाट होता, पण त्यावर मी भर दिला नाही. पिंगुळीतही आता पोस्टर कलर वापरतात, आणि मोबाइलच्या फोटोत रंग बदलतो.

म्हणून मागच्या बाजूचा फोटो मागवला. चित्रकथीच्या जुन्या पोथीतली पानं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, चित्र दोन्हीकडे. या चित्राची पाठ कोरी. जुनेपणाचा तपकिरीपणा फक्त पुढून, चहाचं पाणी ब्रशने फिरवावं तसा, कडेला थोडा झिरपलेला.

एवढ्यावर उत्तर देता आलं असतं. तरी मी तीन दिवस थांबले. मोनाताई म्हणाल्या, "अगं, एरवी तासाभरात कळवतेस. अडलंय कुठं?" मी म्हटलं, "फोटो नीट नाही." फोटो चांगला होता, दादा.

त्या तिरप्या रेघा उलट्या झुकलेल्या होत्या. उजव्या हाताचा माणूस सहज मारेल त्याच्या उलट.

मधुबनीचं ते एक चित्र आपल्या दुकानात उन्हाळाभर पडून होतं. तू वर्तमानपत्राच्या कडांवर डाव्या हाताने त्याचा काठ गिरवायचास. नंतर तुला दोन रेघांमधली जागा रिकामी बघवेना. माझ्या जीवशास्त्राच्या वहीतल्या पानाच्या शिरासुद्धा भरल्यास, आणि बाईंनी मला तासभर उभं केलं.

रविवारी आबांना फोटो दाखवला. तू कुठं आहेस हे ते विचारत नाहीत, म्हणून मीही काही न सांगता दाखवला. मोबाइल नाकाशी धरून म्हणाले, "ह्यात कुठली आलीय पिंगुळी? कागद मोकळा सोडायचं धाडस न्हाय ह्या गड्यात." मग सीतेच्या पदरावर बोट ठेवलं.

"हात कुणाचा हाय, सांगू व्हय?"

"नको, आबा."

"मग तुला म्हाईत हाय की." मोबाइल माझ्या हातात दिला आणि जेवायला उठलेच नाहीत.

दादा, तू ते सरावासाठी काढलंस आणि कुणी उचलून त्यावर चहा फिरवला, असं असेल तर मला सांग. मी विश्वास ठेवीन. पण विकणाऱ्याची गोष्ट तुला माहीत होती का, हे मला कळायला हवं. ज्या ठाकर मंडळींनी ही चित्रं गावोगाव दाखवून पोट भरलं, त्यांच्या नावाने ते भिंतीवर लागणार होतं. शाळेची मुलं ते बघून 'चित्रकथी अशी असते' असं शिकणार होती. खाली माझी सही.

कबूल करते, एकदा मी 'पिंगुळी शैली, बहुधा अलीकडची' असं लिहिलं होतं. मासे आणि पदर गाळून. पाठवलं मात्र नाही.

आज सकाळी खरं पाठवलं. 'परंपरा पिंगुळीची नाही. चेहरे तिकडचे, भरण मिथिलेचं, एकाच माणसाने नवीन केलेलं.' मोनाताईंचा लगेच फोन. "माणूस कोण, ते कळतं का गं?"

मी म्हणाले, "कळतं. सोमवारी सांगते."

सोमवारच्या आत तू स्वतः येऊन त्यांना भेट. नाही आलास तर तुझं नाव मी सांगेन. ते तुला बाहेरून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

तू आलास तर तुझ्या शेजारी बसणारी, आणि नाही आलास तर एकटी जाणारी,
तुझी बहीण
अनुजा