गच्चीच्या जिन्यावर

पालम,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय रोहिणीअक्कास, धाकट्या महारुद्रचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

अक्का, माझं सगळं फिरलं ते राणीसावरगावात, राजेश्रीच्या मामाच्या गच्चीवरून जिना उतरताना. तिथं काय झालं ते मी कुणालाच सांगितलं न्हाई. तुला सांगतो, पण आधी बाकीचं लिहू दे.

आई बरी हाय. हरभरा काढणीला आलाय. तुझ्या सासरी, बोरीकडं कसंय? महिना झाला, तू माझा फोन उचलत न्हाईस, म्हणून हा कागद. शेजारचा परमेश्वर उद्या बोरीला यायलाय, त्याच्याजवळ देतो.

राजेश्रीला बघून त्या दिवशी परत येताना जीपमध्ये तू म्हणलीस, "म्हारुद्रा, पोरीचं मन न्हाई." मी उसळलो. म्हणलं, लाजत होती ती. तू शांतपणे सांगत गेलीस. लाजणारी पोरगी खाली बघते, पण मधीच चोरून वर बघते. ही प्रत्येक उत्तराआधी दिनकररावमामाच्या तोंडाकडं बघत होती. तू शेतीची आवड विचारलीस, तर "लय आवड हाय तिला," हे मामाच बोलले. चहाचा ट्रे ठेवून ती जी गेली, ती दारात क्षणभर घुटमळलीसुद्धा न्हाई. तिच्या आईनं आपल्या घरात माणसं किती, पाणी कुठून भरता, एवढंही विचारलं न्हाई. "ज्या आईला लेक द्यायची असते ती आधी पाणी विचारते," तू म्हणलीस. जेवून जायचा आग्रहसुद्धा एकट्या मामाचाच. तिची आई पदर धरून दारात नुसती उभी.

तू धाकट्या जावेच्या वेळचं सांगितलंस. तिनं तुझ्या दिराला उलटं विचारलं होतं, "तुमी घोरता का?" सगळी बैठक हसली, आणि तू तिथंच वळखलंस की हे जमलं.

मला यातलं काहीच ऐकायचं नव्हतं. कॉलेज सोडल्यापासून मला बघून कुणी बरं म्हणलं न्हाई, अक्का. आणि इथं हिरव्या साडीतली ती पोरगी माझ्यापुढं पोह्याची बशी धरून उभी. मी तिथंच संपलो. म्हणून जीपमध्ये तुला ते बोललो. "तुझ्या बघण्याला तूपण अशीच खाली मुंडी घालून बसली होतीस की. चाललाच न्हवं संसार?"

तू काचेतून बाहेर बघत म्हणलीस, "हां. चाललाय."

आबा समोर बसले होते. त्यांनीबी ऐकलं. ते दोन शब्द माझ्या कानातून जात न्हाईत.

आता जिन्याचं. मामांनी आमाला गच्चीवर बोलायला धाडलं. मी टाकीजवळ उभा, ती जिन्याच्या तोंडालाच. एक हात भिंतीवर. मी ट्रॅक्टरचं, मोबाईलच्या दुकानाचं, काय काय बोलत सुटलो. ती "हं" म्हणायची. एक प्रश्न तिनं विचारला न्हाई. मला वाटलं, संस्कारी हाय.

उतरताना ती मागून हळू म्हणली, "एक ऐकता का? मी न्हाई म्हणलं तर मामा आईला घरात ठिवणार न्हाईत. तुमी न्हाई म्हणा. पोराकडच्यांना कुणी कारण विचारत न्हाई."

मी म्हणलं, "बघू."

आणि खाली येऊन, आबांनी नुसतं माझ्याकडं बघितलं तर मी म्हणलं, "पसंत हाय."

तूच तिला कुंकू लावून नारळ दिलास. ती तुझ्या पाया पडली. माझ्याकडं तिनं बघितलं न्हाई. तुला नुसत्या बघण्यावरून कळलं, मला तर तिनं तोंडानं सांगितलं होतं.

नंतर वाटलं, लग्न झाल्यावर माया लागंल. रोज फोन करायचो. फोन मामाचा, स्पीकरवर. "जेवलात का", "हो", "बरं". परवा विचारलं, तू खुश हायस ना? ती म्हणली, "मामा इथंच हायेत. देऊ का त्यांच्याकडं?"

मी फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन बसलो. कुणाच्या अंगावर जावं ते कळंना. माझ्याशिवाय कुणी नव्हतंच.

आज लग्न पक्कं करायची सुपारी फोडायचीय. मामा भावकी घेऊन आलेत. बैठकीतून आवाज यायलेत. मी आतल्या खोलीत कपडे बदलायच्या नावानं बसून हे लिहायलोय.

बाहेर जाऊन म्हणणार, पोरगी लाखात एक हाय, माझंच मन न्हाई. तिचं नाव मधी येऊ देणार न्हाई. आबा सगळ्यांदेखत हात उचलतील. उचलू देत. खरं सांगू का, अजून मनात येतंय की मी तिचं ऐकलं हे तिला कळंल, तिला मी बरा वाटंन, ती म्हणंल थांबा. एवढं होऊनबी हेच मनात येतं, याची लाज सगळ्यात जास्त वाटते.

तुझं बघणं झालं तवा तुला कुणी विचारलं होतं का, हे मी कधी विचारलं न्हाई. आता विचारतोय. उत्तर दिलं न्हाईस तरी चालंल.

आबा हाक मारायलेत. उठतो. दार बाहेरून ओढून कडी लावतो, म्हणजे परत आत पळून यायला जागा नको.

तुझ्यापुढं मान वर करायची लायकी नसलेला,
महारुद्र