पिवळं पुस्तक बॅगेत राहिलं

आबा, तुम्हाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, आणि तुम्ही मला विमानतळावर सोडायला आलात तेव्हाच्या तुमच्या वयाच्याही मी पुढे गेले. त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला पत्रातून जे कळवलं होतं, ते सगळं खरं नव्हतं. ते आता लिहून ठेवते आहे.

निघायच्या आठवड्यात आपल्या स्वयंपाकघरात बॅग उघडी पडून होती. आई तिच्यात शेंगांच्या चटणीचा डबा बसवत होती आणि तुम्ही स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून पांढऱ्या रंगाची डबी आणि ब्रश घेऊन आलात. एकवीस वर्षं तुम्ही तिथं पेट्यांवर नावं घातली होती. माझ्या नव्या तपकिरी बॅगेच्या तीन बाजूंना तुम्ही वीतभर अक्षरांत माझं आडनाव आणि खाली ‘सोलापूर’ असं इंग्रजीत रंगवलंत. मला रडू आलं. मी म्हटलं, "आबा, लोक काय म्हणतील? ही काय मालगाडीनं चाललीय का?" तुम्ही ब्रश पुसत म्हणालात, "विमानात चढला तरी मालच की त्यो. एक लेबल निघालं तर दुसरं ऱ्हातं. लाज कशाची त्यात?" मी दिवसभर तुमच्याशी बोलले नाही.

कागदांसाठी तुम्ही मेणकापडाची पिशवी शिवून घेतली होती. पासपोर्ट, तिकीट, विद्यापीठाचं पत्र, छातीचा एक्स-रे, आणि देवी व कॉलऱ्याच्या लशींचं पिवळं पुस्तक. त्या पुस्तकावर नगरपालिकेच्या दवाखान्याचा शिक्का नीट उमटला नव्हता, म्हणून तुम्ही मला परत पाठवून तो दुसऱ्यांदा मारून आणायला लावला होता. "ही पिशवी गळ्यातनं काढायची न्हाय," तुम्ही बजावलंत. मी हो म्हटलं. पण पिशवी फुगून पोटावर विचित्र दिसत होती. निघायच्या दिवशी सकाळी मी तिच्यातून एक्स-रे आणि ते पुस्तक काढलं आणि बॅगेत साड्यांच्या घडीत ठेवलं. आजारपणाचे कागद तिकडं उतरल्यावर लागतील, असा माझा हिशेब.

रात्रीच्या गाडीनं निघून दुसऱ्या दिवशी पहाटे दादरला उतरून आपण टॅक्सीनं विमानतळावर गेलो. विमान दुपारचं होतं. दारावरच्या शिपायानं माझं तिकीट पाहिलं आणि तुम्हाला थांबवलं. "प्रवाशालाच आत जाता येईल." तुम्ही बॅग माझ्या हातात दिलीत. "घाबरू नको, इचारत जा," एवढंच म्हणालात. मी काचेच्या आत आणि तुम्ही बाहेर.

काउंटरवर चष्मा लावलेला एक माणूस होता. त्यानं बॅग काट्यावर ठेवायला सांगितली. परवानगी वीस किलोची होती, काटा एकोणीसच्या थोडा पुढे थांबला. त्यानं बॅगेच्या मुठीला चिठ्ठी बांधली, तिचा अर्धा भाग फाडून माझ्या तिकिटाच्या पाकिटाला टाचला आणि हमालाला खूण केली. बॅग मागच्या दारातून आत गेली. मग त्यानं तिकिटाच्या पुस्तकातलं एक पान फाडून घेतलं, पासपोर्ट उलटून पाहिला आणि हात पुढे केला. "हेल्थ बुक?"

मी म्हटलं, "ते बॅगेत आहे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "बाई, ते बघितल्याशिवाय मला बोर्डिंग कार्ड देता येत नाही. तिथं उतरल्यावर तुमच्याजवळ ते नसलं, तर तुम्हाला वेगळं बसवतील, नाहीतर आम्हाला तुम्हाला परत आणावं लागेल." फाडलेलं पान त्यानं पुन्हा माझ्या पासपोर्टात घातलं. मी काचेकडे पाहिलं. तुम्ही तिथंच उभे होता, आणि आत काय चाललंय ते तुम्हाला कळू नये म्हणून मी तुमच्याकडे पाठ केली.

त्या भल्या माणसानं दुसऱ्याला काउंटरवर बसवलं आणि मला घेऊन तो मागच्या दारातून आत गेला. आत लांबलचक खोलीत ढकलगाड्यांवर बॅगा रचलेल्या होत्या. निम्म्याअधिक तपकिरी, एकीसारखी दुसरी. चिठ्ठ्या मुठीला, म्हणजे एकेक उचलून नंबर ताडून पाहायचा. त्यानं हमालाला नंबर सांगितला. हमाल म्हणाला, "साहेब, पहिली गाडी भरलीय, आता न्यायची." मी म्हटलं, "तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आहे. मोठं." हमालानं मान वाकडी करून बघितलं. "सोलापूर काय?" खालून तिसरी. वरच्या दोन काढून त्यानं बॅग खाली ठेवली. एका कस्टमच्या अधिकाऱ्यासमोर मी ती उघडली, साड्यांतून पुस्तक आणि एक्स-रे काढला. अधिकाऱ्यानं चटणीचा डबा हुंगला, झाकण लावलं आणि बॅगेवर खडूची खूण केली. काउंटरवाल्यानं पुस्तकातल्या तारखा आणि शिक्का बोटानं तपासला. "शिक्का चांगला आहे," म्हणाला. माझ्या हातात बोर्डिंग कार्ड आलं.

पुढचं सगळं भराभर झालं. मी निर्गमनाचं कार्ड भरलं. पासपोर्टवाल्यानं ‘कशाला चाललात’ विचारलं, विद्यापीठाचं पत्र वाचलं आणि शिक्का मारला. पुढच्या टेबलावर माझ्या दोन बांगड्यांची नोंद करून चिठ्ठी दिली, परत येताना त्याच आहेत हे दाखवायला. पासपोर्टाच्या मागे बँकेनं लिहिलेला परकीय चलनाचा आकडा आणि माझ्याजवळचे प्रवासी चेक जुळतात का, तेही तिथल्या माणसानं पाहिलं. पडद्याआड एका बाईनं अंग चाचपलं आणि तुमची पिशवी उघडून पाहिली. मग बाकावर बसून राहायचं, आपल्या विमानाचा नंबर पुकारेपर्यंत. तो पुकारला तेव्हा मी सर्वांत आधी उठले.

तिकडं उतरल्यावर रांगेत एका डॉक्टरनं पिवळं पुस्तक मागितलं, एक्स-रे उजेडाकडे धरला आणि मान हलवली. पासपोर्टाच्या खिडकीवर वर्षभर राहायच्या परवानगीचा शिक्का मिळाला. फिरत्या पट्ट्यावर माझी बॅग आली, तेव्हा शेजारचा एक गोरा म्हातारा ‘सोलापूर’ मोठ्यानं वाचत राहिला, आणि मी हसले. हे मी तुम्हाला कळवलं होतं. बॅग उघडावी लागल्याचं मात्र नाही. ‘सर्व व्यवस्थित पार पडले,’ असं लिहिलं होतं.

तुमचं पहिलं पत्र तीन आठवड्यांनी आलं. विमानतळावरच्या प्रेक्षकांच्या गच्चीचं तिकीट काढून तुम्ही वर गेला होता, आणि आम्ही विमानाकडे चालत निघालो तेव्हा तुम्ही टोपी काढून हलवत होता. शेवटच्या ओळीत विचारलं होतंत, ‘टोपी दिसली का?’ मी उलट टपाली लिहिलं, ‘हो, दिसली. मी शिडीवरून हातही केला.’ पुढे आईनं कळवलं की तुम्ही ते पत्र पार्सल ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलंत. "एवढ्या माणसांत पोरीनं मला वळखलं," म्हणत होता म्हणे.

आबा, मला तिथं गच्ची आहे हेच ठाऊक नव्हतं. तुम्ही काचेपासून केव्हाच स्टेशनवर परत गेला असाल, अशी माझी समजूत होती. शिडी चढताना मी फक्त आपली बॅग विमानाच्या पोटात जाते की नाही ते बघत होते. वर एकदाही पाहिलं नाही.