नाडी आजीची, ओढणी आईची

नेरूळ,
बुधवार

प्रिय उज्वला,

अक्षर ओळखीचं वाटणार नाही. तू घरात होतीस तोवर माझी सगळी पत्रं तूच लिहिलीस. आता पत्र तुलाच धाडायचं, तर लिहिणारी शोधावी लागली. समोरच्या दारातल्या राजश्रीताई लिहितायत. शाळेतून रिटायर झाल्यात, त्यामुळे मी बोलते वाकडं नि त्या लिहितात सरळ. काही ठिकाणी मी फारच शहाणी वाटले, तर ती त्यांची करामत समज. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी "बरं आहे" म्हणतो नि ठेवून देतो. तीन वर्षं बरंच चाललंय आपलं.

मी बरी आहे. गुडघा पावसाळा आला की आधी मला कळवतो, मग आभाळाला. रणजीत बरा आहे, डाळीत मीठ अजून अंदाजाने घालतो, नि त्याचा अंदाज तुला ठाऊक आहे. मनस्वीचं कोल्हापूरला फार्मसीला झालं, ते तिने तुला सांगितलंच असेल. रविवारी सकाळी हॉस्टेलला निघते. बॅगेत कपडे कमी नि चार्जर जास्त.

तर झालं असं. परवा पोरगी मोबाईल घेऊन माझ्याजवळ बसली नि म्हणाली, आजी, आपल्या ठोसेघरच्या ट्रिपचा फोटो टाकतेय, कॅप्शन ऐक. कॅप्शन म्हणजे काय ते मला तिनेच शिकवलं. फोटोच्या खाली लिहायचं. पण सगळं दिसत नाही, पहिली ओळ-दीड ओळच दिसते, पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. म्हणून जे खरं सांगायचं ते आधी. कुणाचं नाव खूण घालून लिहिलं, की ते निळं होतं नि त्या माणसाला निरोप जातो, तुझी आठवण निघाली म्हणून. लिहिलेलं नंतर बदलता येतं. फोटो मात्र एकदा चढला की चढला, तो कापायचा तर आधीच. मी म्हटलं, लग्नासारखंच आहे की. राजश्रीताई हसल्या, पण लिहितायत.

तिने वाचलं, "धबधबा दिसलाच नाही, तरी बेस्ट ट्रिप. बाबा, आजी आणि मी." मला वाचता येत नाही, पण फोटो बघता येतो. मी म्हटलं, दाखव बघू.

तुला आठवते ती ट्रिप? मनू दहा वर्षांची होती. पनवेल ओलांडलं नि तुला आठवलं, की भाकरी-पिठल्याचा डबा ओट्यावरच राहिलाय. मी तुला इतकं बोलले, नि तू एवढंच म्हणालीस, की आत्या, तो शेवटी तुमच्या हातात होता. खरंच होता. मग पुण्याच्या अलीकडे पंक्चर. स्टेपनी काढली, तर तीही बसलेली. मनूला गाडी लागली नि तिने माझ्या पिशवीत सगळं ओकून काढलं, त्यात माझी तपकिरीची डबी. सातारा सोडून वर चढायला लागलो, तेव्हा आभाळ फाटलं नि तिथेच वायपर बंद. मोटार आत घरघर करतेय, पण दांडी निखळलेली. दोन्ही वायपर मेल्या झुरळाच्या मिशांसारखे सैल. रणजीत काच पुसायला उतरला, आत येऊन बसेपर्यंत काच पुन्हा पांढरी.

दोरी शोधली, ती कुठे नव्हती. तेव्हा तू वळून माझ्याकडे पाहिलंस नि विचारलंस, आत्या, परकराची नाडी सुती आहे ना? अख्ख्या सातारा जिल्ह्यात कुठल्या सुनेने सासूला असं विचारलं नसेल. मी दिली. वायपरला मधोमध बांधली, एक टोक रणजीतच्या खिडकीतून आत घेतलं. तुझ्या बाजूला पुरेना, म्हणून तुझी लाल ओढणी तिला जोडलीस. मग तू ओढायचं, त्याने सोडायचं. त्याने ओढायचं, तू सोडायचं. सुरुवातीला तुम्ही दोघंही एकदमच ओढत होता नि वायपर मधेच उभा. मग मनूने मागून "आई, बाबा, आई, बाबा" असा ठेका धरला नि जमलं. दोन्ही खिडक्या उघड्या, चौघं चिंब, मी कमरेला साडी मुठीत धरून बसलेली. देवाला म्हटलं, आता गाडीतून उतरायची वेळ तेवढी आणू नकोस.

वर गेलो तर धुकं. धबधबा नुसता ऐकला. गाडी उभी करून कणसं खाल्ली, नि कणीसवाल्याने तुझ्या मोबाईलवर समोरून फोटो काढला. एका खिडकीत रणजीत नाडी धरून, त्याच्या मागच्या खिडकीत मी नि मनू एकमेकींवर डोकी ठेवून, नि पलीकडच्या खिडकीतून तू अर्धी बाहेर, ओढणी धरून, तोंड उघडं, डोळे मिटलेले. इतकी हसत होतीस.

परवा मनूने दाखवला, त्यात नाडी होती, लाल ओढणी होती. ओढणी फोटोच्या कडेपर्यंत जाते नि संपते. पुढे हात नाही. तुला कापलं होतं पोरीने. मी विचारलं, वायपर कोण ओढतंय गं मग? ती म्हणाली, आईला आवडणार नाही आपल्यासोबत दिसायला. नि बाबांना वाईट वाटेल. संध्याकाळी मी तिच्या मोबाईलमधला पूर्ण फोटो रणजीतला दाखवला. तो म्हणाला, दांडी दुसऱ्या दिवशी साताऱ्यात चाळीस रुपयांत बसली होती. एवढंच म्हणाला. पण टाकू नको असं नाही म्हणाला.

मग मी मनूला माझं कॅप्शन सांगितलं. पहिली ओळ अशी, "नाडी आजीची, ओढणी आईची, गाडी बाबांची. धबधबा सोडून सगळं पाहिलं." तिने लिहिलं. हसलीसुद्धा. म्हणाली, आजी, तू नाडीचं चारचौघांत सांगतेस? म्हटलं, माझ्या वयाला अब्रू पेन्शनीत निघते. पण चढवेना. पूर्ण फोटोवर बोट ठेवून बसली नि मला विचारलं, आजी, आई तेव्हा खरंच हसत होती, की फोटोसाठी?

उज्वला, मी एवढी बडबडी बाई. उत्तर देता आलं असतं, पण ते माझं नव्हतं. पोरगी वरून हसते, पण तुमचं मोडलं तेव्हापासून मागची एकेक आठवण काढून तपासतेय, हे खरं की तेही खोटंच होतं. असं तपासत हॉस्टेलला जायला नको तिने.

म्हणून हे पत्र. तिला ते ठाऊक नाही. फोटो तिने मोबाईलमध्ये तसाच ठेवलाय, कॅप्शनसकट. शनिवारपर्यंत तिला फोन कर, नाहीतर करंजाड्याहून रिक्षा करून ये, चहा मी टाकते, रणजीतला टाकू देणार नाही. तू हो म्हणालीस, तर तुझं नाव निळं होऊन फोटो पूर्ण चढेल. नको म्हणालीस, तर चढणार नाही. अर्धा मात्र मी चढू देणार नाही. नि तेव्हा तू खरंच हसत नव्हतीस, असं असेल, तर तेही तिलाच सांग. मला नको कळवूस. मला त्या हसण्यावर अजून थोडे पावसाळे काढायचेत.

तुझीच,
आत्या
(अक्षर राजश्रीताईंचं, अंगठा माझा.)