बाबांच्या जन्मदिवशी माझा निरोप

२० ऑगस्ट
पोळ्याले दोन दिवस. शिलाईची गर्दी, डोकं ठिकाणावर नाही. यंदा बाबांले मेसेज करायचा, ठरवलं. सात वर्षं झाली. मी राजन्नाशी लग्न केलं त्याच दिवशी त्यायनं विहिरीवर जाऊन माझ्या नावानं आंघोळ केली. वंदी मेली म्हणाले. तेव्हापासून मी बेला गावच्या त्या माहेरघरात मेलेलीच.

मागल्या वर्षी गाढवपणा केला. बाबांच्या आधारवरची १ जानेवारी पाहून फुलाचं चित्र पाठवलं. ती तारीख शाळेतल्या मास्तरनं टाकलेली. बाबा पोळ्याच्या करीले, म्हणजे दुसऱ्या दिवशी झाले, आई दरवर्षी सांगे. चित्र त्यायनं पाह्यलं, बस. दुसऱ्या कोणाचं समजले असतील.

२१ ऑगस्ट
लिहून राह्यले, पुसून राह्यले.
‘आई गेली तेव्हा मले काऊन नाही कळवलं?’ पुसलं. वाढदिवसाले हिशोब कोण मागते!
‘माफ करा.’ पुसलं. लग्नाची माफी मी मागणार नाही, अन् खोटी तर नाहीच नाही.
‘दिवाळीले येऊ का?’ हे पुसायले लय वेळ लागला. प्रश्न टाकला की त्यायले हो नाहीतर नाही म्हणावंच लागते. नाही म्हटलं तर मंग?
राजन्ना म्हणे, “ओढू नको. दिसशील एवढंच कर.”

२३ ऑगस्ट, कर
सकाळी आठले पाठवला. बाबा चहा पिऊन ओट्यावर बसतात ती वेळ.
‘बाबा, आज पोळ्याची कर. आई म्हणे, तुमी आजच्या दिवशी झाले. वाढदिवसाच्या शुभेच्छा. पुरणपोळी दुधात कुस्करून खायची तुमची सवय मले लागली, काल तशीच खाल्ली. मी बरी आहे. उत्तर पाहिजेच असं नाही. नंबर हाच राहील. वंदी’
आठ दहाले खुणा निळ्या झाल्या, म्हणजे वाचलं.

२६ ऑगस्ट
काही नाही. परत पाठवणार नाही, फोन करणार नाही. एकदाच म्हणजे एकदाच.
दुपारी दुकानात काज करत होते. एक बाई दारात आली, “कोणी आहे का?” म्हणाली. मी समोर. “आहे ना,” म्हटलं. तिनं इकडे तिकडे पाह्यलं अन् गेली. उन्हातून आली, अंधारी आली असंल डोळ्यावर. राजन्नाले सांगितलं नाही.

३ सप्टेंबर
सिंधूकाकूचा फोन. शेजारची, आईची मैतरीण. मी विचारलं नव्हतं, तिनंच काढलं.
“तुह्या बापानं मले मोबाइल दाखवला वो. म्हणे, सिंधू, मेलेल्या पोरीचा निरोप आला.”
“रागानं म्हणाले?”
“नाही माय. भेलेला दिसला.”
मंग तिनं सगळं सांगितलं. आई गेली तेव्हापासून बाबा पितृपक्षात नवमीले दोन पानं वाढतात. एक आईचं. एक माझं. छपराच्या टिनावर ठेवतात, आधी आईले नुसतं “ये” म्हणतात, मंग मले, “वंदे, ये.” आईच्या पानाले कावळा लगेच शिवतो. माझ्या पानाले आजवर शिवलाच नाही. सांजेपर्यंत तसंच राह्यते, मंग बाबा ते गाईले घालतात.
“पोरीचं काही राह्यलं म्हणते तो, म्हणून कावळा शिवत नाही.”
अहो बाबा, जितीच्या पानाले कावळा कसा शिवंल!

१२ सप्टेंबर
रोज भर दुपारी दुकानाच्या पत्र्यावर एक कावळा बसते. ओरडत नाही. आधीही बसत असंल, माझं ध्यान नसंल. आरशात पाह्यलं की आधी हात हलवून पाहते. येडी झाले मी.
भीती एकच. या नवमीले त्याले माझं पान गोड लागलं तर?

१५ सप्टेंबर, अविधवा नवमी
पावणेबाराले बाबांचा आवाज आला, व्हॉट्सअपवर. एकोणीस सेकंद. सात वर्षांत पहिल्यांदा.
कावळे. पत्र्यावर पान ठेवल्याचा आवाज, एकदा. मंग खोकला. मंग बाबा, आवाज पार म्हातारा झाला,
“वंदीचे माय, ये वो…”
मी गेल्यावर त्यायनं हे म्हणणं सोडलं होतं. आईले नुसतं “ये” म्हणत, काकूनं तसंच सांगितलं होतं. आज परत आईले माझ्या नावानं हाक मारली. लय रडले, कापडावर डाग पडले.
पण पुढे श्वास घेतल्यासारखं होते, अन् आवाज तिथंच तुटते. दुसरी हाक मारणार होते का? की मोबाइलवरचं बोट सुटलं? पान एकच ठेवलं, की दुसरं हातातच होतं?
बारा वेळा ऐकलं. ऐकल्याचं त्यायले दिसलं असंल.
काकूले विचारता येते. नाही विचारत. उत्तर पाहिजेच असं नाही, हे मीच लिहिलं होतं.
दुकानाच्या पत्र्यावर आज कावळा नाही.