भाकर ठेवलेला गिलास

आई, लिहिण्यात चुका असतीन, माफ कर. आठवीतच शाळा सुटली, आन मोबाईलवर मले एकेक अक्षर शोधून टाइप करा लागते.

लोणारच्या आपल्या घरात पुढची खोली तू भाड्यानं दिलती, ते रशियाची पोरगी आठवते का? कालेजात दगडायचं शिकणारी, तळ्याचे दगड पाहाले आलेली. त्या दिवशी ते सकाळीच तळ्यावर गेलती. तू तिची खोली झाडली, तिचा टॉवेल धुतला आन आरशाच्या खिळ्याले वाळत घातला. आरसा पुरा झाकला गेला. टेबलावर तिच्या आईचा फोटो होता. त्याच्याच पुढे तू पाण्याचा गिलास भरून ठेवला, माशा पडू नये म्हून वरून चतकोर भाकर. उन्हातून येईन लेकरू, खाईन.

ते आली आन दारातच थांबली. आरशाकडे पाह्यलं, मंग गिलासाकडे. "क्तो उम्येर?" हळूच बोलली. मंग ओरडलीच, "क्तो उम्येर?"

तू म्हणते, "काय झालं वं बाई? भाकर कडक झाली काय?"

ते फोन लावून राह्यली. "मामा, वोज्मी त्रूबकू! मामा!" तिकडून कोणी उचलेच ना.

"हिच्या मामाले काय झालं वं?" तू मले विचारलं. मले हसू येऊन राह्यलं होतं, पण तिचे पांढरे ओठ पाहून म्या ते दाबलं.

मंग ते मोबाईलमध्ये रशियन बोलली आन त्यावर आलेलं मराठी आपल्याले दाखवलं. कोण मेलं, असं विचारत होती ते. तिच्याकडे घरात कोणी मेलं का आरसे झाकतात, आन मेलेल्याच्या फोटोपुढे भरलेला गिलास ठेवतात, वरून पावाचा तुकडा. तिले वाटलं, तिच्या घरून आपल्याले फोन आला, आन तोंडानं सांगता येत नाही म्हून आपण असं मांडून ठेवलं.

तू कपाळाले हात लावला. "अवं, आमच्यात फोटोले हार घालतात! म्हून तर म्या फूलबी नाही ठेवलं!"

तेवढ्यात फोन वाजला. तिची 'मामा' म्हंजे आईच, ते बाजारात गेलती फक्त. "स्लावा बोगू, स्लावा बोगू," असे देवाचे आभार मानत ते तुया गळ्यात पडून रडली. तू हसत गिलास उचलला. "घे, तुया आईवरची बला म्याच पेते." ते "नी नादा! नी नादा!" करत तुया हात धरून राह्यली, नको नको म्हणत. तू भाकर खाल्ली, पाणी घटाघटा पेली.

त्याच साली हिवाळ्यात तू तापानं गेली.

म्या तिले मेसेज केला. तिनं सांगतलं, चाळीस दिवस गिलास ठेव, मंग काढ. म्या हारबी घातला, गिलासबी ठेवला. रोज पाणी बोटभर कमी होते. बाबा म्हणतात, आटते. थंडीतबी तेवढंच कसं आटते, हे म्या त्यायले विचारलं नाही.

तुया नंबरवर आता कोण्या भलत्याच माणसाचा फोटो दिसते, म्हून हे पाठवत नाही. चाळीस दिवस होऊन लई वर्षं झाली. गिलास म्या काढलाच नाही, आई. काढला तर तू पाणी प्याले कुठं येशीन?

आन हाव, शेजारच्या म्हशीले आज वगार झाली.